मजकूर राखून व्हॉट्सअ‍ॅप हलकं करताना : चप्पल लाइनीतल्या एका दुकानाचं प्रकरण

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात 'जागा भरली' ही तक्रार रोजचीच. बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला विचारून चार व्हिडिओ उडवले की काम भागतं. हे प्रकरण तसं नव्हतं, म्हणून ते सविस्तर लिहितोय. फोन होता चप्पल लाइनीत कोल्हापुरीचं दुकान असलेल्या एका काकांचा. त्यांच्या धंद्याची वही म्हणजेच व्हॉट्सअ‍ॅप होतं. कोणत्या व्यापाऱ्याला किती जोड, कोणत्या नंबरचे, आगाऊ किती आले, सुभाषनगरच्या कारागिराला कधी काय सांगितलं, हे सगळं चॅटमध्येच. कागदावर काही नाही.

फोन अँड्रॉइडचा, 64 जीबीचा. मोकळी जागा उरली होती जेमतेम 400 एमबी. आलेले फोटो उघडत नव्हते, कॅमेरा 'जागा नाही' म्हणायचा, आणि दोन-तीन दिवस मेसेज उशिरा येत होते. काकांची अट पहिल्याच वाक्यात आली. "आरं, फोटो-बिटो गेलं तरी चालंल, पर लिवलेलं एक अक्षर जाता कामा नये. ऑर्डरी हायत त्यात." सोबत सूनबाई होत्या. दुकानाचे हिशोब त्याच बघतात. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. शेजारच्या कुणीतरी सल्ला दिला होता की सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपचा डेटा क्लिअर करा, फोन नव्यासारखा होईल. त्यांनी ते केलं नाही हे फार चांगलं झालं.

त्या सल्ल्याचं आधी बोलतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. फोनच्या Settings मध्ये Apps, त्यात WhatsApp आणि त्यात Storage उघडलं की दोन बटणं शेजारी शेजारी दिसतात : Clear cache आणि Clear data. काही फोनवर दुसऱ्याचं नाव Clear storage असतं. पहिल्याने तात्पुरत्या फायली जातात, मेसेजना धक्का लागत नाही, पण जागाही फारशी मिळत नाही. दुसऱ्याने मेसेजचा सगळा साठाच पुसला जातो आणि अ‍ॅप पुन्हा नंबर विचारायला लागतं. तिथे 'फक्त फोटो काढा, मजकूर ठेवा' असा पर्यायच नाही. चॅटच्या तीन टिंबांमध्ये मिळणारं Clear chat सुद्धा त्याच वाटेचं. ते त्या चॅटमधले सगळे मेसेज काढतं. मीडियाही काढायचा का, असं ते वर विचारतं. नावावरून ते झाडलोट करणारं वाटतं, म्हणून लोक फसतात.

मग जागा नेमकी कशाने खाल्ली ते बघायचं कुठे? व्हॉट्सअ‍ॅपच्या आत. तीन टिंबं, Settings, Storage and data, मग Manage storage. काकांच्या फोनवर वर आकडा होता 31.4 जीबी. त्याखाली दोन चौकोन, एक Larger than 5 MB चा आणि एक Forwarded many times चा. त्याखाली चॅटची यादी, सगळ्यात जड चॅट सगळ्यात वर.

यादी वाचल्यावर सूनबाईंना आश्चर्य वाटलं. पहिल्या नंबरवर होता पेठेतल्या तालमीचा ग्रुप, 9.8 जीबी. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे सामने सुरू झाले की त्या ग्रुपवर गोलांचे, जल्लोषाचे, भांडणांचे व्हिडिओ दिवसरात्र पडत असतात. दुसरा भावकीचा ग्रुप, 6.1 जीबी. तिसरा जुन्या मित्रांचा, 3.7 जीबी, निव्वळ सकाळच्या शुभेच्छा आणि पुढे ढकललेले व्हिडिओ. त्यानंतर कुठे धंद्याची चॅट आली : कारागिराची 2.9 जीबी आणि पुण्याच्या एका व्यापाऱ्याची 2.2 जीबी. बाकीच्या शंभरेक चॅट मिळून 6.7 जीबी. म्हणजे ज्या चॅटची काकांना काळजी होती त्यांचं वजन यादीत बरंच खाली होतं, आणि ज्यांत जपण्यासारखं फारसं काही नव्हतं त्या तीन ग्रुपांनीच 19 जीबीच्या वर जागा धरली होती.

पण या यादीतून मजकूर किती जागा घेतो ते वेगळं कळत नाही. ते कळलं की माणूस निर्धास्त होतो, म्हणून काकांना ते दाखवलं. व्हॉट्सअ‍ॅप सगळे मेसेज एका डेटाबेस फाइलमध्ये ठेवतं. ती फाइल आपल्याला उघडता येत नाही, पण तिची कुलूपबंद प्रत रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच तयार होते आणि ती फाइल मॅनेजरमधून बघता येते. जागा ही :

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases/msgstore.db.crypt14
```

शेवटचा आकडा काही फोनवर 15 असतो. बिझनेस अ‍ॅप असेल तर फोल्डरचं नाव com.whatsapp.w4b. काकांच्या फोनवर ही फाइल 118 एमबीची होती. ती दाबून लहान केलेली असते, त्यामुळे मूळ साठा याहून मोठा असणार, हे खरं. पण तो दुप्पट-तिप्पट धरला तरी 31.4 जीबीपुढे तो किरकोळच. काही वर्षांच्या सगळ्या ऑर्डरी, सगळी बोलणी, सगळे पत्ते एवढ्यात मावले होते.

हे असं का, याचा हिशोब सोपा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं आणि मात्रा वेगळी, साठवायला 3 बाइट लागतात. शंभर चिन्हांचा बऱ्यापैकी लांब मेसेज झाला 300 बाइटचा. तालमीच्या ग्रुपवरचा एका गोलाचा व्हिडिओ 15 एमबीचा. त्या एका व्हिडिओच्या जागेत असे 50,000 मेसेज बसतात. जागा करण्यासाठी मजकूर पुसणं म्हणजे हाती काहीच न लागता वही गमावणं.

इथवर ऐकून काका म्हणाले, "मग काय, मारा सगळं सिलेक्ट आणि उडवा." इथेच मी थांबवलं. कारण त्यांच्या ऑर्डरी साध्या मेसेजमध्ये फार कमी होत्या. बहुतेक होत्या फोटोखाली.

पुण्याच्या व्यापाऱ्याची चॅट उघडली तर हे स्पष्ट दिसत होतं. तो नमुन्याचा फोटो पाठवतो आणि त्याच फोटोखाली लिहितो : 'हा नमुना. 7 नंबर 4 जोड, 8 नंबर 6 जोड, गोंडा लाल, तळ दुहेरी. 3000 पाठवले.' हा वेगळा मेसेज नाही. फोटो आणि त्याखालची ओळ मिळून एकच मेसेज आहे. Manage storage मधून तो फोटो काढला की चॅटमधला तो अख्खा मेसेज जातो आणि खालची ओळही त्याच्याबरोबर जाते. 'मीडिया काढतोय, मजकूर राहील' असं समजून माणूस बोट दाबतो आणि ऑर्डर हरवते. सूनबाईंना पटावं म्हणून मित्रांच्या ग्रुपवरचा एक फुलांचा फोटो घेतला. खाली कुणीतरी लांबलचक शुभेच्छा लिहिलेल्या होत्या. तो Manage storage मधून काढला आणि ग्रुप उघडून दाखवला. फोटो नव्हता आणि शुभेच्छाही नव्हत्या. त्याच्या वरचे आणि खालचे साधे मेसेज मात्र होते तसे होते.

मीडिया काढायचा दुसराही एक मार्ग आहे. त्याचं वागणं उलटं आहे. व्हॉट्सअ‍ॅपला न सांगता, फाइल मॅनेजरमधून किंवा केबल लावून संगणकावरून, नुसती फाइल काढायची. फोटो या फोल्डरात असतात :

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images
```

शेजारीच WhatsApp Video, WhatsApp Voice Notes, WhatsApp Documents अशी आणखी फोल्डरं असतात. इथून फाइल गेली तरी डेटाबेसला त्याचा पत्ता नसतो. मेसेज जागेवर राहतो, फोटोखालची ओळ राहते, वेळ-तारीख राहते. फोटोच्या जागी धुरकट लहानसं चित्र उरतं, कारण ते चित्र डेटाबेसमध्येच साठवलेलं असतं. त्यावर बोट ठेवलं की फाइल सापडत नाही असं अ‍ॅप सांगतं.

हेही करून पाहिलं, एकाच फोटोवर. पुण्याच्या चॅटमधला 2022 सालचा एका कापशी जोडाचा फोटो निवडला. फोटोच्या फायलींची नावं अशी असतात :

```
IMG-20220914-WA0031.jpg
```

मधले आठ आकडे म्हणजे तारीख, शेवटचे त्या दिवसाचा अनुक्रमांक. फाइल आधी संगणकावर घेतली, मग फोनवरून काढली. चॅटमध्ये जोड धुरकट झाला, 'बक्कल नको, 9 नंबर' ही ओळ तशीच राहिली. मग तीच फाइल त्याच नावाने त्याच फोल्डरात परत ठेवली, आणि फोटो चॅटमध्ये पूर्ववत उघडला. काकांचा चेहरा तेव्हा जरा सैल झाला.

या मार्गाला मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. फोल्डरात सगळ्या चॅटचे फोटो एकत्र पडलेले असतात. नावात तारीख असते, माणूस नसतो. तालमीचा फोटो कुठला, व्यापाऱ्याचा कुठला, हे फाइलवरून कळत नाही. Manage storage मधून चॅटवार निवड करता येते, पण ओळी जातात. फोल्डरातून ओळी वाचतात, पण निवड फक्त तारखेने करता येते. कोणत्या चॅटला कोणता मार्ग लावायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि सगळं काम या एका निर्णयावर उभं असतं. आयफोनवर तर व्हॉट्सअ‍ॅपचं हे फोल्डर उघडून दिसतच नाही. तिथे अ‍ॅपमधलाच मार्ग उरतो, म्हणून ओळींची काळजी जास्तच घ्यावी लागते.

काढाकाढीला हात घालायच्या आधी प्रत घ्यायची होती. Settings, Chats, Chat backup उघडलं तर गुगलवरची शेवटची प्रत कित्येक महिन्यांपूर्वीची. कारण उघड होतं. गुगल खात्यात फुकट जागा 15 जीबी मिळते, ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून वाटून घेतात, आणि 2024 पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपची प्रतही त्याच 15 जीबीत धरली जाते. 31 जीबीचं गाठोडं तिथे मावणार कसं? प्रत रोज सुरू व्हायची आणि अर्ध्यात अडकायची. काकांना याची कल्पनाच नव्हती. फोन पडून फुटला असता तर ऑर्डरी गेल्याच होत्या.

त्याच पानावर Local असं लिहून वेळ दिलेली असते. ती फोनमधल्या प्रतीची. ती आज पहाटेची होती, म्हणजे फोनमधलं काम चालू होतं. तरी Back up दाबून ताजी प्रत तयार करवून घेतली, आणि केबल लावून Databases आणि Media ही दोन्ही फोल्डरं दुकानाच्या संगणकावर उतरवली. Media ला बराच वेळ गेला. बारक्या फायली हजारोंनी असल्या की केबलवरून नक्कल रेंगाळते. घाई करून मध्येच केबल काढू नये. संपल्यावर दोन्हीकडच्या फायलींची संख्या ताडून बघावी. Databases मधली फाइल संगणकावर वाचता येत नाही. ती उघडते ती त्याच नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप नव्याने बसवून प्रत परत घेताना. त्यामुळे ती वाचायची वही नाही, अडचणीसाठी ठेवलेली प्रत आहे.

वाचता येईल अशी प्रत हवी म्हणून धंद्याच्या दोन चॅट वेगळ्या काढल्या. चॅट उघडून तीन टिंबं, More, Export chat, आणि विचारल्यावर Without media. यातून साधी मजकुराची फाइल मिळते. सूनबाईंनी ती स्वतःच्या मेलवर पाठवली आणि लगेच उघडून फोटोखालच्या ओळी आल्यात का ते पाहिलं. आल्या होत्या. ही फाइल उघडून, स्क्रोल करून, ओळखीची एखादी ऑर्डर शोधून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला आग्रहाने सांगायचं आहे. आणखी एक : Export chat ला मर्यादा आहे. मीडियाशिवाय साधारण अलीकडचे 40,000 मेसेजच बाहेर येतात. कारागिराची चॅट त्याच्या आत होती. कुणाची चॅट त्याहून मोठी असेल तर फाइलमधली पहिली तारीख बघावी, म्हणजे किती मागपर्यंतचं आलंय ते समजतं.

आता काढणं. सुरुवात तालमीच्या ग्रुपपासून, कारण तिथे फोटोखालच्या ओळींत राखण्यासारखं काही नव्हतं. Manage storage मध्ये तो ग्रुप उघडला, एक चौकोन दाबून धरला, वरचं सगळं निवडायचं चिन्ह दाबलं, आणि कचऱ्याच्या डब्यावर बोट ठेवलं. काही वेळ चक्र फिरत राहिलं. यादीतून 9.8 जीबी गेले. पण फोनची मोकळी जागा बघितली तर ती वाढली होती सात जीबीच्या आसपास.

काका म्हणाले, "तीन जीबी खाल्लं कुणी?" कुणी खाल्लं नव्हतं. एकच व्हिडिओ तालमीच्या ग्रुपवर येतो, तोच मित्रांच्या ग्रुपवर येतो, कधी भावकीतही येतो. एकाच फाइलकडे तीन चॅट बोट दाखवतात. एका ठिकाणून काढलं तरी दुसरीकडे तो लागतोच, म्हणून फाइल राहते. व्हॉट्सअ‍ॅपही हेच सांगतं, की एखाद्या गोष्टीच्या प्रती अनेक असतील तर सगळ्या काढल्याशिवाय जागा सुटत नाही. मित्रांचा ग्रुप तसाच रिकामा केला तेव्हा अडकलेली जागा सुटली. कुणी एक ग्रुप साफ करून 'काही फरक पडला नाही' म्हणत असेल तर बहुधा हेच झालेलं असतं.

भावकीच्या ग्रुपला तसं सरसकट चालणार नव्हतं. त्यात लग्नाचे, बारशाचे फोटो होते. इथे क्रम लावायचा पर्याय कामी आला. चॅटचा मीडिया Largest प्रमाणे लावला की मोठे व्हिडिओ वर येतात. सूनबाईंनी वरून खाली येत दोन लग्नांचे व्हिडिओ सोडले, बाकी काढले. फोटोंना हात लावला नाही. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला साधा फोटो लहान करूनच आलेला असतो, बहुतेक शंभर-दोनशे केबीचा. असे हजार फोटो काढल्यावर जेमतेम शंभर-दोनशे एमबी सुटतात, आणि तेवढे निवडताना माणूस कंटाळून भलतंच काहीतरी काढून बसतो.

धंद्याच्या चॅटला हाच नियम अधिक कडकपणे लावला. फोटो अजिबात काढायचे नाहीत, कारण ओळी फोटोखाली आहेत आणि फोटो हलके आहेत. काढायचे फक्त व्हिडिओ, तेही एकेक उघडून, खाली काही लिहिलंय का ते पाहून. कारागिराच्या चॅटमध्ये सगळं निवडायचं चिन्ह दाबण्यात आणखी एक धोका होता : आवाजाचे मेसेज. कारागीर लिहीत नाही, बोलतो. चामडं कधी आलं, शिलाई कुठवर आली, कोणत्या जोडाचा तळ पुन्हा करावा लागला, हे सगळं आवाजात. सगळं निवडलं तर त्यांचाही नंबर लागतो. एका मिनिटाचा आवाज एक-दोनशे केबीच्या घरात असतो, म्हणजे तो काढून मिळणारं काहीच नाही आणि जाणारं मात्र पुष्कळ. Largest प्रमाणे लावलेल्या यादीत हे आवाज अगदी तळाला असतात. वरचे व्हिडिओ काढून तिथेच थांबलं की त्यांना धक्का लागत नाही. या चॅटमधले दोन जीबीहून जास्त नुसते व्हिडिओ होते, बहुतेक वेणी कशी घातली ते दाखवणारे. त्यातले तीन सूनबाईंना दुकानाच्या जाहिरातीसाठी हवे होते. ते संगणकावर उतरलेलेच होते.

उरलेल्या शंभरेक चॅटसाठी Larger than 5 MB चा चौकोन पुरला. एकेक चॅट उघडत बसायची गरज नव्हती. मात्र त्या चौकोनात कागदपत्रंही येतात. जीएसटीच्या पावत्यांची एक जाडजूड पीडीएफ आणि दुकानाचा भाडेकरार त्यात निघाला. म्हणून तिथे सरसकट निवड न करता आधी पीडीएफ बाजूला ठेवल्या आणि मगच बाकीचं काढलं.

शेवटी आकडा आला 5.5 जीबी. 31.4 मधून जवळपास 26 जीबी सुटले होते. जुन्या सालांचे ऑर्डरींचे फोटो फोल्डरातून काढायचा तो दुसरा मार्ग मी राखून ठेवला होता, पण त्याची गरजच उरली नाही. सगळे ऑर्डरीचे फोटो मिळून दीड-दोन जीबी. तेवढ्यासाठी चित्र धुरकट करून घेण्यात अर्थ नव्हता. काही वर्षांनी लागलंच तर आता ते सोपं होईल, कारण तालमीची गर्दी गेल्यावर त्या फोल्डरात बहुतेक धंद्याचेच फोटो उरलेत आणि नावातल्या तारखेवरून सालवार निवडता येतील.

मजकूर खरोखर राहिला का, हे आकड्यावरून कळत नाही, ते शोधूनच पाहावं लागतं. पुण्याच्या चॅटमध्ये शोधात 'दुहेरी' टाकलं, 'गोंडा' टाकलं, 2021 सालची एक जुनी ऑर्डर काकांनी तोंडपाठ सांगितली ती शोधली. सगळं सापडलं. कारागिराचे दोन जुने आवाज लावून ऐकले. मग Chat backup मध्ये Include videos बंद करून गुगलवर प्रत घ्यायला लावली, आणि या वेळी ती पूर्ण झाली. इथे एक समजून घ्यायला हवं : गुगलवरची प्रत फोनमध्ये आता जे आहे त्याचीच असते. आज काढलेले व्हिडिओ उद्याच्या प्रतीत नसतात. काढलेलं परत हवं झालं तर गुगलवर शोधून उपयोग नाही. ते संगणकावर उतरवलेल्या Media फोल्डरातच मिळेल. म्हणून ते फोल्डर काकांना एका पेनड्राइव्हवर भरून दिलं.

गॅलरीबद्दलही दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण सूनबाईंनी आमच्याकडे यायच्या आधी तिथून बरेच व्हिडिओ काढले होते आणि तरी जागा वाढली नव्हती. गॅलरीतून काढलेलं बहुतेक फोनवर लगेच पुसलं जात नाही. ते ट्रॅशमध्ये जातं, महिनाभर तिथे राहतं आणि तोवर जागा धरून बसतं. ट्रॅश रिकामा केला तेव्हा तेवढी जागा सुटली. व्हॉट्सअ‍ॅपच्या आतून काढलेल्याला मात्र असा ट्रॅश नाही, ते थेट जातं. दुसरी गोष्ट गुगल फोटोज मधल्या Free up space या बटणाची. ज्यांची प्रत गुगलवर चढलेली आहे ते फोटो ते फोनमधून काढतं. व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर त्यात चढवलेलं असेल तर तेही काढतं. मजकूर आणि ओळी राहतात, पण चॅटमधले फोटो अचानक धुरकट दिसायला लागतात आणि लोक घाबरून आमच्याकडे येतात. फोटो गेलेला नसतो, गुगल फोटोज मध्ये असतो.

पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून Storage and data मध्येच Media auto-download बदललं. वायफायवर मूळ सेटिंगमध्ये सगळा मीडिया आपोआप उतरतो, आणि काकांच्या घरी वायफाय आहे, तिथेच सगळं भरत होतं. मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीकडे व्हिडिओची खूण काढली, फोटो आणि आवाज ठेवले. सूनबाईंनी विचारलं, "दादा, त्यापेक्षा मीडिया व्हिजिबिलिटी बंद केली तर?" त्याने जागा वाचत नाही. फाइल फोनमध्ये उतरतेच, फक्त गॅलरीत दिसत नाही. आपोआप पुसले जाणारे मेसेज लावावेत का असंही त्यांनी विचारलं. धंद्याच्या चॅटला ते मुळीच लावू नये, कारण त्यात मुदत संपली की मजकूरच जातो.

आता तालमीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला की काकांना बाणाची खूण दिसते आणि शेजारी आकार दिसतो. बघावासा वाटला तर बाण दाबायचा. यात एकच अडचण सांगून ठेवली. मोठा मीडिया व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर कायम ठेवलेला नसतो. फार दिवसांनी बाण दाबला तर उतरत नाही आणि पाठवणाऱ्याला पुन्हा पाठव म्हणावं लागतं. तालमीच्या व्हिडिओचं त्याने बिघडत नाही. पण कारागिराने पाठवलेला नमुन्याचा व्हिडिओ त्याच दिवशी उतरवून घ्यायचा, हे सूनबाईंनी लिहून घेतलं, आणि ऑर्डरीची ओळ फोटोखाली न लिहिता वेगळ्या मेसेजमध्ये लिहा असं पुण्याच्या व्यापाऱ्याला आमच्या दुकानातूनच कळवून टाकलं.